एकच फरशी साऱ्या घराला नको

आमचा धंदा कापडाचा. फरशीच्या धंद्याशी माझा संबंध गिऱ्हाईक म्हणूनच आला, आणि तो थोडा महागात पडला. म्हणून व्यापार पानाच्या वाचकांपुढे हा हिशेब मांडतो आहे. आपल्या बांधवांपैकी पुष्कळजण सध्या घरे बांधत आहेत, काहीजण दुकाने नव्याने करीत आहेत. शिवाय हिंगोली, वसमत, कळमनुरी भागात फरशी बसवणारे पुष्कळ मिस्त्री आपल्यातलेच आहेत. त्यांनाही यातल्या दोन गोष्टी पटतील, एखादी खटकेलही.

२०१४ साली आम्ही वसमतला घर बांधले. फरशी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने दोन बाय दोन फुटांची, हस्तिदंती रंगाची, आरशासारखी चमकणारी विट्रिफाइड टाइल दाखवली. ट्यूबलाइटच्या उजेडात ती अशी झळकत होती की मुलांनी तिथेच पसंती दिली. मीही विचार केला, एकच माल साऱ्या घराला घेतला तर भाव उतरेल, वाया कमी जाईल आणि घर मोठे दिसेल. बैठक, निजायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि न्हाणीबाहेरची वुजूची जागा, सगळीकडे तीच टाइल बसली. पाहुणे आले की तारीफ करीत.

२०१९ च्या पावसाळ्यात अम्मी फजरच्या वेळी वुजू करून उठल्या आणि दोन पावलांवर घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. नांदेडला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. आज त्या वॉकर धरून चालतात. पडल्या त्या जागी पाण्याचे डबके नव्हते, फक्त ओल्या पायांचे ठसे होते.

तेव्हापासून मी फरशीची चौकशी करीत आलो आहे. पहिली गोष्ट जी कळली ती अशी की दुकानात आपण टाइल कोरडी पाहतो आणि पायात चप्पल घालून पाहतो. कोरडी चमकदार टाइल फारशी घसरत नाही. घसरण येते ती पाय आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकला की. पृष्ठभाग खरखरीत असेल तर पाण्याला बारीक खळग्यांत जायला जागा मिळते आणि पाय फरशीला टेकतो. गुळगुळीत असेल तर पाय पाण्यावरच तरंगतो. त्यात साबण आला की विचारूच नका. आपल्या भागातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. अशा पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, त्याचा पांढरट चिकट थर फरशीवर साचतो आणि वाळलेला दिसला तरी ओला होताच निसरडा होतो.

तेव्हा न्हाणीसाठी टाइल घ्यायची असेल तर दुकानदाराकडे एक पेलाभर पाणी मागावे. टाइल जमिनीवर आडवी ठेवावी, तिच्यावर पाणी ओतावे, साबणाचा एक थेंब टाकावा आणि चप्पल काढून टाच घासून पाहावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे. आमच्या दुकानात गिऱ्हाईक कापड चुरगाळून बघते, धागा ओढून बघते, तेव्हा आम्ही कुठे रागावतो?

काही कंपन्यांच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आर ९, आर १०, आर ११ असे आकडे असतात. ही जर्मन चाचणी आहे. तेल लावलेल्या उतरत्या फळीवर बूट घातलेला माणूस चालतो. फळी हळूहळू तिरपी करीत जातात आणि किती अंशांवर तो घसरू लागतो ते पाहतात. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर १० म्हणजे १९ पर्यंत, आर ११ म्हणजे २७ पर्यंत. ही श्रेणी आर ९ पासूनच सुरू होते. म्हणजे आर ९ ही सर्वांत खालची पायरी झाली. दुकानात मात्र 'साहेब, आर नाइन आहे, अँटिस्किड आहे' असे मोठ्या तोऱ्यात सांगतात. शिवाय ही चाचणी बुटांची आहे. अनवाणी, साबणाच्या पाण्यातली चाचणी वेगळी असते आणि तिच्या ए, बी, सी अशा श्रेणी असतात. त्यात सी सर्वांत घट्ट. न्हाणीला आर ११ किंवा अनवाणी चाचणीत 'बी' मिळालेली टाइल पाहावी. खोक्यावर काहीच लिहिलेले नसेल तर टाच आणि पाणी ही चाचणी आहेच.

आता न्हाणीत टाइलचा आकारही महत्त्वाचा. बारा बाय बारा इंचाची किंवा त्याहून लहान टाइल घ्यावी. लहान टाइल म्हणजे सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा पायाला थोडा अटकाव करतो. पण खरे कारण उताराचे आहे. न्हाणीत चारही बाजूंनी जाळीकडे पाणी वाहायला हवे. दोन फुटांची टाइल दोन दिशांना वाकत नाही, म्हणून मिस्त्री उतार मारतो आणि कोपऱ्यात पाणी साचते. लहान टाइल उताराबरोबर वळते. उतार चार फुटांत पाऊण इंच पुरतो. बसवल्यावर मिस्त्री जाण्यापूर्वी एक बादली पाणी ओतून पाहावे. दहा मिनिटांनी कुठे डबके उरले तर तेव्हाच सांगावे, कारण मजुरी चुकती झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

अम्मी पडल्यानंतर मी न्हाणी आणि वुजूची जागा उखडून नव्याने केली. न्हाणी सहा बाय पाच, म्हणजे ३० चौरस फूट. वुजूची जागा सात बाय चार, म्हणजे २८. एकूण ५८ चौरस फूट. एक फुटाच्या टाइला ५८ लागतात, दहा टक्के तुटफूट धरून मी ६४ घेतल्या. गंमत अशी की खरखरीत मॅट टाइल चमकदार टाइलपेक्षा महाग नसतेच. तरी समजा फुटाला दहा रुपये जास्त पडले असते, तर २०१४ साली मला ५८० रुपये अधिक द्यावे लागले असते. शस्त्रक्रियेचा खर्च मी इथे लिहीत नाही.

वुजूच्या जागेत आणखी दोन गोष्टी केल्या. ती जागा पॅसेजपेक्षा एक इंच खाली घेतली आणि मध्ये काळ्या ग्रॅनाइटची पट्टी उंबरा म्हणून बसवली. टाइल फिकट, पट्टी काळी. म्हातारपणी नजर कमी होते. एकाच रंगाची पायरी दिसत नाही, वेगळ्या रंगाची दिसते. ग्रॅनाइटची पट्टी चकाकणारी मिळते. तिच्यावर मिस्त्रीकडून मशीनने दोन खाचा मारून घेतल्या. फार खरखरीत टाइलचाही एक त्रास आहे, तो लपवत नाही. तिच्यात मळ बसतो आणि ब्रशने घासावे लागते. घरातल्या बायकांची तक्रार रास्त आहे. म्हणून न्हाणीला खरखरीत आणि बाकी घराला मध्यम, अशी वाटणी करावी.

बाकी घराचा विचार करताना मला आमच्या धंद्यातला फरक उपयोगी पडला. कापडात दोन जाती असतात. एकात सूत आधी रंगवून मग विणतात, दुसऱ्यात पांढऱ्या कापडावर छापतात. छापील कापड नवे असताना जास्त देखणे दिसते, पण घासले की खालचा पांढरा रंग डोकावतो. विट्रिफाइड टाइलमध्येही नेमके असेच आहे. 'डबल चार्ज' टाइलमध्ये रंगीत मातीचा तीन-चार मिलिमीटर जाड थर असतो. 'ग्लेझ्ड विट्रिफाइड', ज्याला दुकानात जीव्हीटी म्हणतात, त्यात वर छपाई आणि त्यावर काचेचा पातळ थर. लाकडासारखी, संगमरवरासारखी नक्षी जीव्हीटीतच मिळते. टाइलची कड पाहिली की फरक समजतो. कडेला वरचा थर जाड आणि वेगळ्या रंगाचा दिसला तर डबल चार्ज. सारी कड एकाच मातीची आणि नक्षी केवळ माथ्यावर असेल तर छापील. निजायच्या खोलीत, जिथे चप्पल येत नाही, छापील खुशाल घ्यावी. बैठकीत आणि दुकानात, जिथे रस्त्यावरची कच पायाखाली येते, तिथे डबल चार्ज टिकते. पावसाळ्यात बैठकीच्या दारातही ओले पाय येतात, म्हणून दारापासून चार फूट मॅट टाइलचा पट्टा घेतला तर पैसे वाढत नाहीत आणि दिसायलाही बरे दिसते.

दुकानदार स्वस्तात देतो म्हणून कधीकधी भिंतीची टाइल जमिनीला खपवली जाते. तीही कळण्यासारखी असते. टाइल उलटी करून पाठीवर थोडे पाणी टाकावे. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी झटकन पिते. विट्रिफाइडवर पाणी तसेच राहते, कारण ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. जी टाइल पाणी पिते ती आतून पोकळ छिद्रांची, म्हणजे कमी मजबूत. शिलाई मशीनच्या पायाखाली ती टिकत नाही.

विट्रिफाइड पाणी पीत नाही, हा गुण बसवताना अवगुण होतो. साधे सिमेंटचे पाणी तिच्या पाठीला धरत नाही. तिला चिकटवण्याचा तयार मसाला मिळतो, तोच वापरावा आणि दातेरी थापीने सबंध पाठीला पसरावा. काही मिस्त्री घाईत चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे मालाचे गोळे ठेवून टाइल दाबतात. वरून ती सपाट दिसते, खाली पोकळी राहते. मग एक दिवस कपाटाचा किंवा मशीनचा पाय नेमका त्या पोकळीवर येतो आणि टाइल तडकते. दुसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहावी. भरीव टाइल टक् वाजते, पोकळ टाइल मडक्यासारखी वाजते. दोन टाइलांमध्ये दोन-तीन मिलिमीटर सांधाही सोडून घ्यावा. आपल्या उन्हाळ्यात टाइल तापून किंचित वाढते. सांधा नसेल तर तिला जायला जागा राहत नाही आणि भर दुपारी फटाक्यासारखा आवाज होऊन दोन टाइला तंबूसारख्या वर उठतात. सांधा दिसतो म्हणून नको, असे गिऱ्हाईकच म्हणते. यात मिस्त्रीचा दोष निम्माच.

स्वयंपाकघराची गोष्ट आपल्या जिल्ह्यात जरा वेगळी आहे, कारण आपण हळदीच्या मुलखात राहतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले, पण फरशीच्या सांध्याला हळद हा रंग कायमचाच. कापडावरचा हळदीचा डाग उन्हात ठेवला की फिका पडतो. स्वयंपाकघरात ऊन कुठून आणणार? टाइलवरची हळद पुसली जाते, सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटने मात्र ती शोषून घेतलेली असते. म्हणून ओट्यासमोरच्या चार-पाच फुटांत तरी सांधे इपॉक्सीने भरून घ्यावेत. ते महाग पडते, पण पाणी, तेल, हळद काहीच पीत नाही. साऱ्या खोलीला परवडत नसेल तर बाकी सांधे राखाडी रंगाचे घ्यावेत. टाइल मात्र मॅट असावी, कारण फोडणीचे तेल उडते आणि तेल पाण्यापेक्षाही वाईट घसरवते. आमचे स्वयंपाकघर दहा बाय नऊ आहे. दोन फुटी टाइल चार चौरस फूट भरते, तेव्हा २३ टाइला लागतात. तुटफूट धरून २६ झाल्या. खोक्यात चार येतात, म्हणून सात खोकी.

काहीजण विचारतात की शहाबादीचे काय? माझ्या लहानपणी वसमतच्या बहुतेक पक्क्या घरांत शहाबादीच असे. शहाबाद गुलबर्ग्याकडचे, आणि गुलबर्गा व परभणी १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. हा दगड जाड असतो, दोन पिढ्या जातो, आणि झिजला तर पुन्हा पॉलिश करता येतो. टाइलला ती सोय नाही. पॉलिश न केलेली शहाबादी अंगणाला, जिन्याला आणि मालाच्या गोदामाला आजही चांगली. गाठोडी ओढली, लोखंडी कपाट सरकवले तरी तिला काही होत नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला मी तीच घातली आहे. भाव काढताना मात्र दगडाचा दर, बसवणावळ आणि पॉलिश तिन्ही मिळवून पाहावे. निव्वळ दगडाचा दर ऐकून स्वस्त वाटते.

पण शहाबादी, कोटा, कडप्पा, तांदूर हे सारे चुनखडीचे दगड आहेत, आणि चुन्याचे आम्लाशी वैर. लिंबू पिळताना थेंब पडला, चिंचेचे पाणी सांडले की पॉलिश मरते आणि धुरकट डाग उरतो. संडास धुण्याचे ॲसिड तर त्यावर फसफसते. ईदच्या आधी घर चमकवायचे म्हणून शहाबादीवर ॲसिड टाकणारे मी पाहिले आहेत. दगड वरून सोलला जातो, खरखरीत होतो आणि मग आणखी मळ धरतो. दगडाला साधे साबणाचे पाणी पुरते. संगमरवरालाही हाच नियम. ग्रॅनाइट वेगळा, त्याला लिंबाची भीती नाही, म्हणून ओट्यासाठी तोच चांगला.

पायाला सुख कशाने मिळते, याविषयी फार बोलण्यासारखे नाही. दगड आणि टाइल दोन्ही पायाची उष्णता ओढून घेतात, म्हणून उन्हाळ्यात गार वाटतात आणि पौषात बोचतात. सतरंजीला पर्याय नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत सुटी सतरंजी गुळगुळीत टाइलवर सरकते, तेव्हा खाली रबराची जाळी घालावी. दिवसभर उभे राहणाऱ्या शिंप्याने आणि दुकानदाराने पायाखाली रबरी चटई ठेवावी. त्यासाठी फरशी बदलायची गरज नाही. लाकडी पट्ट्यांची लॅमिनेट फरशी पायाला उबदार लागते, पण आपल्याकडे घर पाणी ओतून धुतात, आणि पाणी सांध्यांत गेले की ती फुगते. तिच्या नादी लागू नये.

आता राहिली ती गोष्ट, जिच्यामुळे मला दुसऱ्यांदा खर्च करावा लागला. २०२२ च्या उन्हाळ्यात बैठकीची फरशी पश्चिमेच्या भिंतीकडे अर्धा इंच खचली आणि टाइलांवर लांब तडा गेला. मी टाइलच्या दुकानदाराला बोल लावायला निघालो होतो. एका जुन्या मिस्त्रींनी अडवले. ते म्हणाले, 'सेठ, टाइल बिचारी वर बसली आहे. खाली काय आहे ते आधी बघा.' उखडून पाहिले तर जोत्यात खोदाईतलीच काळी माती भरलेली. घर बांधताना ठेकेदाराने मुरमाचे पैसे वाचवले होते आणि मी दुकानात बसून राहिलो होतो.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती फरशीखाली असली तर तेच करणार. त्यावर ग्रॅनाइट घाला की शहाबादी, फरक पडत नाही. आमची बैठक चौदा बाय बारा, म्हणजे १६८ चौरस फूट. दीड फूट खोल माती काढली, ती २५२ घनफूट, म्हणजे अडीच ब्रास भरली. तिच्या जागी नऊ इंच मुरूम घातला, तोही एकदम नव्हे. साडेचार-साडेचार इंचांचे दोन थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकून. ठोकल्यावर मुरूम १२६ घनफूट भरला, पण ठोकल्यावर तो दबतो म्हणून मागवताना दीड ब्रासहून थोडा जास्त मागवावा लागला. त्यावर सहा इंच दगडाचे सोलिंग, पोकळ्यांत मुरूम भरून. त्यावर तीन इंच काँक्रीट. सात दिवस पाणी मारले, मगच टाइल बसवली. मिस्त्रींनी टाच जोरात आपटून पाहिली. ठोकलेल्या थरावर टाचेचा खड्डा पडला तर पुन्हा ठोकायचे, एवढीच त्यांची चाचणी.

याने काळ्या मातीचा स्वभाव बदलत नाही, हेही सांगितले पाहिजे. तिचा थर खाली खोलवर असतो आणि भिंतींच्या पायाचा प्रश्न निराळा आहे, तो फरशीने सुटत नाही. पण भिंतीलगत पाणी मुरू दिले नाही तर माती कमी हलते. आमच्या पश्चिमेच्या भिंतीबाहेर न्हाणीचे सांडपाणी उघड्यावर सोडले होते. तडा तिथेच गेला होता. ते आता पाइपाने गटारात नेले आहे आणि घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा केला आहे. तेव्हापासून तीन पावसाळे गेले, बैठकीतल्या टाइला नाण्याने ठोकून पाहतो, अजून भरीव वाजतात.

शेवटचे एक, कापडवाल्याच्या सवयीचे. एकाच रंगाच्या दोन ताक्यांत छटा वेगळी येते, तशी टाइलच्या दोन भट्ट्यांतही येते. प्रत्येक खोक्यावर छटेचा आणि लॉटचा क्रमांक छापलेला असतो. सगळी खोकी उतरवून घेतानाच तो जुळवून घ्यावा. एखादे खोके उघडून न वापरता माळ्यावर ठेवावे आणि क्रमांक वहीत लिहून ठेवावा. बैठकीत तडकलेल्या नऊ टाइलांच्या जागी मला तशाच टाइला मिळाल्या नाहीत, कारण ते उत्पादन बंद झाले होते. म्हणून आज आमच्या बैठकीत पश्चिमेच्या भिंतीकडे वेगळ्या छटेचा पट्टा दिसतो, आणि पाहुणे विचारतात की ही फॅशन कुठली.